बारीकसारीक, बारीक-सारीक की बारीक सारीक? जोडशब्द लिहिण्याबद्दल

प्रश्न: "आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेचं प्रूफ बघतोय. एकाने बारीकसारीक लिहिलंय, एकाने मध्ये रेघ दिलीय, एकाने जागा सोडलीय. लहान लहान, हळूहळू, चहापाणी यांचंही तसंच. बरोबर काय? काही ठरलेला नियम आहे का?"

सगळ्या शब्दांना लागू होईल असा एक नियम नाही. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत अशा पुनरुक्त शब्दांचा नियम आहे, पण तो ऱ्हस्वदीर्घाचा आहे, म्हणजे हळूहळू, चिरीमिरी यांत दुसरं आणि चौथं अक्षर दीर्घ, आणि लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु असे नादाचे शब्द असतील तर ऱ्हस्व. जोडायचं की तोडायचं हे तो नियम सांगत नाही, पण त्यातली उदाहरणं सगळी जोडून छापलीयत हे लक्षात घ्या. शाळेत शिकवतात ते संयोगचिन्हही दोन शब्द जोडायला किंवा ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर, एवढंच. त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या सवयीने लिहितो, एकाच पुस्तकात तिन्ही रूपं मी स्वतः पाहिलीयत.

मी प्रूफ बघताना आधी एकच गोष्ट बघतो, दुसरा तुकडा एकटा उभा राहतो का. "सारीक" म्हणजे काय? काहीच नाही. तो फक्त "बारीक"च्या मागे धावत आलाय, मग मध्ये रेघ देऊन जोडणार कशाला, बारीकसारीक जोडूनच. किडूकमिडूक, सटरफटर, उरलंसुरलं, अघळपघळ हे सगळे याच घरातले. व्याकरणात यांना अंशाभ्यस्त म्हणतात.

दोन्ही तुकडे एकेकटे अर्थाचे असतील तर मग प्रत्यय लावून बघायचा. "मुलाबाळांना" म्हणतो आपण, "मुलांना बाळांना" नाही, "आईवडिलांना" म्हणतो, प्रत्यय एकदाच आणि शेवटी, म्हणजे कानाला तो एकच शब्द आहे. पण इथे अर्थही बघावा लागतो, कारण "आला तर चहापाणी विचार" यात चहापाणी म्हणजे पाहुणचार, आणि "टेबलावर चहा-पाणी ठेव" म्हटलं तर खरंच एक कप आणि एक तांब्या. पहिला जोडून, दुसऱ्यात रेघ हवी. आकड्यांच्या अंदाजाला मात्र मी डोळे मिटून रेघ देतो, दोन-तीन, दहा-बारा, तिथे बहुतेकजण तसंच करतात.

आता तोच शब्द दोनदा येतो ते. इथे एक शब्द काढून वाचा. "लहान लहान मुलं" मधला एक लहान काढला तरी वाक्य उभं राहतं, फक्त जोर आणि अनेकपणा जातो, म्हणून वेगळे लिहा, रेघ नको. "हळूहळू पाऊस कमी झाला" मधला एक हळू काढा, वाक्यच बसत नाही, कारण हळूहळू म्हणजे क्रमाक्रमाने असा नवा अर्थ तयार झालाय, म्हणून जोडून. कधीकधी हाही याच न्यायाने जोडून यायला हवा, वेगवेगळे तर नक्कीच. पण ही कसोटी "जाता जाता दूध आण" इथे फसते. एक "जाता" काढला तर वाक्य मोडतं, तरी जाता जाता, बघता बघता, बसल्या बसल्या हे तोडूनच लिहायची रूढी आहे आणि ती मी मोडत नाही. "जागच्या जागी" सारख्यात पहिल्या शब्दाला स्वतःचा प्रत्यय आहे, ते वेगळं, पण "गावोगावी" जोडून.

ब लावून केलेले शब्द, चहाबिहा, पुस्तकबिस्तक, हेही जोडूनच. फक्त इंग्रजीतून आलेला लांबलचक शब्द असेल तर "इंटरव्ह्यूबिंटरव्ह्यू" वाचताना दमछाक होते, तिथे मी रेघ देतो. हे नियमात बसत नाही, वाचणाऱ्याची सोय म्हणून करतो.

स्मरणिकेसाठी सगळ्या लेखकांना हे समजावत बसू नका, स्वतः वीस-पंचवीस शब्दांची यादी करा आणि शेवटी सगळ्या फाइलमध्ये एकदा शोधून सारखं करा. साध्या सर्चमध्ये बारीकसारीक टाकलं तर रेघवालं आणि जागावालं सापडत नाही, म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशन चालणाऱ्या एडिटरमध्ये हे टाका:

```
बारीक[ \-–]*सारीक
```

कंसात दोन प्रकारच्या रेघा मुद्दाम दिल्यात. वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुरात कीबोर्डवरच्या छोट्या रेघेऐवजी कधीकधी लांब रेघ येते, डोळ्याला फरक जेमतेम कळतो पण सर्च ती वेगळी धरतो. गेल्या वेळी माझ्या हातून अशाच दोन रेघा सुटल्या होत्या, छापून आल्यावर दिसल्या.