निरोपाच्या भाषणात राहून गेलेलं

अगं, काल माझा निरोप समारंभ झाल्यावर तू विचारलंस ना, परत परत शिकवूनही पोरं २.५ पेक्षा २.१५ मोठं म्हणतात, आता अजून कसं शिकवू? इतक्यात शिकवूच नकोस. आधी विचार, "कसं काढलंस?" तीस वर्षं वर्गात उभी राहून मी हेच शिकले आणि भाषणातही तेच सांगणार होते, पण हारतुरे नि फोटोंच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरचा कांदा लासलगावला जायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, २.५ म्हणजे दोन क्विंटल पाच किलो आणि २.१५ म्हणजे दोन क्विंटल पंधरा किलो, मग पंधरावालं मोठं ना!" बघ, पोरगं ढ नाहीये, त्याला टिंबाच्या पुढे सरळ किलो दिसतायत. मग त्याच्याकडूनच एका क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे, दहा भाग करून घेतले. एक भाग १० किलोचा, असे पाच भाग म्हणजे ५० किलो. तेव्हा कुठे २५० आणि २१५ समोरासमोर आले, आणि त्याने आपणहून उत्तर बदललं.

पैशांचं उदाहरण इथे नको घेऊस, कारण दुकानात अडीच रुपये कायम २.५० असेच लिहितात, नुसतं २.५ पोरांना कधी दिसतच नाही. आणि "शेवटी शून्य लाव" ही युक्ती तर सुरुवातीला अजिबात देऊ नकोस, उत्तर बरोबर येतं पण डोक्यातले पाच किलो तसेच राहतात.

आता जी २.५ मोठं म्हणतात त्यांनाही विचार! तू बरोबरची खूण करून पुढे जातेस, तिथेच मला राग येतो. त्यातली काही म्हणतात, जास्त आकडे म्हणजे बारीक तुकडे, म्हणून २.१५ लहान. त्यांना २.५ आणि २.५७ दे, ती २.५ च मोठं म्हणतील, आणि किलोवाला मुलगा मात्र इथे बरोबर सांगेल. म्हणून दोन्ही जोड्या द्यायच्या, एकीने कळत नाही.

पोर्शन मागे राहतो, माहितीये मला. माझाही राहायचा, त्यावरून बोलणी खाल्ली, तरी मी विचारणं सोडलं नाही आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. वाईट एवढंच वाटतं की साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकांपर्यंत रोज पोचता यायचं नाही. तू निदान रोज चार जणांना विचार, वहीच्या मागच्या पानावर त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव आणि शनिवारी शाळा सुटल्यावर ती वही घेऊन घरी ये, आपण बसून बघू.