बँक स्टेटमेंट पैसा गेल्याचं सांगतं, कशासाठी गेला ते नाही

प्रश्न: आमचे सगळे व्यवहार बँकेतून होतात. तरी प्रत्येक एन्ट्रीमागे बिल, पावती, व्हाउचर ठेवायलाच हवं का?

हो, हवंच. "बँकेत दिसतंय ना, मग टाक एन्ट्री" हे वाक्य मी एका इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात चार वर्षं ऐकलं. मी तिथे हिशेब लिहायचो.

एकदा स्टेटमेंटमध्ये एका पुरवठादाराला १,१८,००० रुपये गेलेले दिसले. बिल मागितलं, तर मालक म्हणाले, "वायरचा माल आहे, अठरा टक्के धर." मी खरेदी १,००,०००, जीएसटी १८,००० आणि समोर बँक अशी एन्ट्री टाकली. टाकायला नको होती.

पुरवठादारांनी भरलेली आमच्या नावची बिलं जीएसटी पोर्टलवर जिथे दिसतात ते जीएसटीआर-२बी जुळवायला बसलो, तर त्या पुरवठादाराचं एकच बिल दिसलं, त्यातला कर ९,०००. त्याच्याकडून खातेउतारा मागवला. त्याच्या वहीत आमच्याकडे येणं शून्य, आमच्या वहीत त्याला ५९,००० देणं. तेव्हा उलगडलं. गेलेल्या रकमेतले ५९,००० नव्या बिलाचे होते आणि ५९,००० जुन्या बिलाचे. जुनं बिल मागच्याच महिन्यात खरेदीला पडलं होतं आणि त्याचा कर आम्ही वजाही करून घेतला होता. म्हणजे खरेदी ५०,००० ने फुगली, नफा तेवढाच कमी दिसला आणि ९,००० चं क्रेडिट दोनदा घेतलं गेलं. ते व्याजासकट भरावं लागलं.

मालकांनी सीएंसमोर चूक माझी सांगितली. बिल हातात असतं, तर नंबर आणि तारीख बघूनच कळलं असतं की यातलं एक आधी चढलंय. बिल आलं की रक्कम पुरवठादाराच्या खात्यात जमा करायची आणि पैसे गेले की त्याच खात्यात नावे टाकायची. खरेदी थेट बँकेसमोर टाकली की ही तपासणीच राहत नाही.

त्यानंतर मी एन्ट्री केली की बिलावर लाल पेनने व्हाउचर नंबर लिहू लागलो. नंबर असलेलं बिल पुन्हा चढत नाही. कोटेशन किंवा प्रोफॉर्मावर खरेदी कधीच टाकू नका. हमालीला बिल मिळत नाही. तिथे रोखीचं व्हाउचर करा, कोणाला, कशाचे, किती हे लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. रक्कम ५,००० च्या वर असेल, तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. पेट्रोल पंपाची पावती काही महिन्यांत कोरी होते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

एक राहिलं. बँकेचे चार्जेस आणि व्याज यांना वेगळं बिल शोधू नका, तिथे स्टेटमेंट हाच कागद. घसाऱ्याला तर बाहेरचा कागद नसतोच. हिशेबाचा तक्ता जर्नल व्हाउचरला जोडा. पण माल खरेदीला "नंतर देतो बिल" म्हणणारा मालक असेल, तर रक्कम सस्पेन्सला, म्हणजे खुलासा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, टाका आणि त्याला तसं लेखी कळवा. मी तेव्हा लेखी काहीच ठेवलं नव्हतं.