सातबाऱ्याचा फोटो आलाय, विसार द्यायच्या आधी त्यात काय बघायचं?

प्रश्न: आम्ही पहिल्यांदाच शेतजमीन घेतोय, दोन एकरांतली एक एकर. एजंटने सातबाऱ्याचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवलाय. गट नंबर, तीन नावं आणि उजवीकडे बोजा वगैरे लिहिलंय. घरात कोणाला नीट वाचता येत नाही. कसा वाचायचा?

उत्तर:

फोटोवरून फक्त जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक उतरवून घ्या आणि bhulekh.mahabhumi.gov.in वर तोच उतारा स्वतः उघडा. फोटोत दोन गोष्टी हमखास दगा देतात. कमी झालेल्या नावावर किंवा नोंदीवर मारलेली आडवी रेघ पुसट फोटोत दिसतच नाही, त्यामुळे जुना मालक चालू वाटतो. आणि 'इतर अधिकार' लांबले की दुसऱ्या पानावर जातात, ते पान फोटोत नसतं. संकेतस्थळावरचा मोफत उतारा फक्त माहितीसाठी असतो. व्यवहारासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा.

आता वाचायला घ्या. समजा, गट क्रमांक २१४/२ आहे. तिरक्या रेघेनंतरचा २ म्हणजे हिस्सा. २१४/१ ही वेगळी जमीन, म्हणून नुसता '२१४' सांगितला तर थांबा. वरच भू-धारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग-१, म्हणजे साधारणपणे विकायला परवानगी लागत नाही अशी जमीन, असेल तर पुढे जा. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. १०० आरचा एक हेक्टर. एक आर म्हणजे १०० चौ.मी., म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी, गुंठा १०१.१७ चौ.मी.चा. ०.८१.०० म्हणजे जवळपास दोन एकर. पण त्यात जिरायत ०.७६.०० आणि पोटखराबा ०.०५.०० असेल तर लागवडीची जमीन ७६ आरच. ओढा, खडक, बांध त्या पोटखराब्यात गेलेले असतात. भाव कशाचा लावलाय, ते विचारा.

मग नावं. समजा खाते ११८ वर एकाच माणसाचं नाव आहे, क्षेत्र ०.४०.५०. खाते ३०५ वर दोन भावांची नावं आणि दोघांत मिळून ०.४०.५०. विकणारा यांतला कोण, यावर सगळं अवलंबून आहे. ११८ वाला विकत असेल तर त्याच्या नावावर एक एकर आहे, पण ती गटात नेमकी कुठे हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी मोजणीचा नकाशा लागतो. ३०५ मधला एक भाऊ 'माझी एक एकर' म्हणत असेल, तर दुसऱ्याच्या सहीशिवाय ती त्याची नाही. नावापुढे 'ए.कु.क.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता आहे. मागे बाकीचे वारस आहेत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. त्या मुलाच्या हिश्श्यासाठी साधारणपणे न्यायालयाची परवानगी लागते.

सगळ्यात सावकाश वाचायचा भाग म्हणजे 'इतर अधिकार'. समजा तिथे दोन ओळी आहेत: सोसायटीचा बोजा २,५०,०००, पुढे कंसात १६३२, आणि दोन बहिणींची नावं, कंसात १२०७. कंसातला आकडा फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक. बोजा सोपा आहे. कर्ज फिटलं असेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज होतो, फेरफार मंजूर झाला की ओळीवर रेघ पडते. फिटूनही नोंद तशीच राहिलेली पुष्कळदा आढळते, म्हणून दाखला बघा, तोंडी शब्द नको.

बहिणींची ओळ मात्र लोक सोडून देतात आणि तिथेच पुढे दावे उभे राहतात. वारसनोंद करताना भावांची नावं मुख्य रकान्यात आणि बहिणींची इतर अधिकारात टाकायची जुनी पद्धत होती. जागा बदलली म्हणून हक्क जात नाही. १२०७ नंबरच्या फेरफाराची नक्कल काढा. वडिलांच्या वारसांत कोण कोण आहे ते त्यात लिहिलेलं असतं. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या.

उताऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' अशी ओळ असते. तिथे 'नाही' नसेल तर हक्कात बदल चालू आहे. तो निकाली निघेपर्यंत विसार थांबवा. आणि 'इतर अधिकार' कोरं असलं तरी गहाणखत किंवा कोर्टातला दावा नोंद व्हायचा राहिलेला असू शकतो. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्तांचा ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या. तुमच्या घरात कोणाच्या नावावर शेतजमीन आहे का, तेही त्यांना आधीच सांगा, कारण शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. फेरफार १२०७ आणि १६३२ च्या नकला हातात आल्यावरच विसाराची बोलणी करा.