क्विक वॉश कधी पुरतो?

प्रश्न: रोजचे कपडे १५ मिनिटांच्या क्विक वॉशवर लावले तर चालतील का? काळ्या टी-शर्टवर कधीकधी पांढरे पट्टे दिसतात.

उत्तर: एकदाच घातलेले, फक्त घामट झालेले पातळ कपडे असतील आणि ड्रम फार तर एक तृतीयांश भरला असेल, तर खुशाल लावा. ते पट्टे मात्र बहुतेक न विरघळलेल्या पावडरचेच आहेत. छोट्या सायकलमध्ये पाणी बऱ्याचदा थंडच असतं, खळबळणंही थोडक्यात उरकतं. त्यात ड्रम गच्च भरला की कपडे नीट उलटतपालटत नाहीत आणि पावडर घड्यांमध्ये अडकून राहते. म्हणून अशा वेळी लिक्विड वापरा, तेही नेहमीच्या निम्मं.

खात्री करायची असेल तर धुतलेले कपडे पावडर न घालता नुसत्या रिन्सवर लावा आणि काचेतून बघा. भरपूर फेस आला, तर साबण कपड्यांतच राहिला होता. टॉवेल वाळल्यावर कडक लागणं हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते, पण पाणी जड असेल तरी तसंच होतं.

तेलाचे डाग, चिखल, मळकी कॉलर, टॉवेल, जीन्स यांना क्विक वॉश नको. डाग सोडवणाऱ्या एन्झाइमना भिजायला वेळ लागतो, तो इथे मिळत नाही. जास्त पावडर टाकून तो भरून निघत नाही, उलट खळबळायचं काम वाढतं.

एक मात्र बघा: क्विक वॉशला किती किलो चालतात हे प्रत्येक मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असतं, अनेकदा दोनच किलो.