हर्ष, मानसी आणि श्रावणमावशी

प्रश्न: आम्ही परदेशात शनिवारी मराठी वर्ग घेतो. मुलं ७ ते १० वर्षांची. कविता घडाघडा म्हणतात, पण अर्थ विचारला की गप्प. अर्थाचे काही खेळ सुचवाल का?

माझाही वर्ग शनिवारचाच, फक्त मी तो कोथरूडला घरी बसून घेते. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, न्यू जर्सीतल्या मुलांकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा. मुलं नऊ.

बालकवींची ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ सगळ्यांना पाठ झाली, म्हणून एकदा विचारलं, ‘यात काय चाललंय?’ आठ वर्षांची एक मुलगी ठामपणे म्हणाली, ‘हर्ष आणि मानसी श्रावणमासीकडे गेलेत.’ वर्गात एक हर्ष आहेच, आणि शेजारच्या गुजराती घरामुळे मासी म्हणजे मावशी हे तिला पक्कं. मला हसू आलं, पण तिने अर्थ लावला होता हे महत्त्वाचं. बाकीच्या आठांनी तेवढंही केलं नव्हतं.

त्यानंतर मी एका शनिवारी दोनच ओळी घेते. ‘मासी’ आणि ‘मानसी’साठी ‘कुठे?’ हा खेळ केला. मी म्हणते ‘घर’, त्यांनी म्हणायचं ‘घरी’. दार, दारी. गाव, गावी. हे त्यांना घरच्या बोलण्यातून येतंच. मग हळूच ‘मास’, म्हणजे महिना. एकजण ओरडला, ‘मासी! महिन्यात!’ मानस म्हणजे मन, हे कळल्यावर मानसीचं कोडंही सुटलं. पण इथे एक खड्डा आहे. पुढच्या शनिवारी एकाने ‘मी शाळी होतो’ असं सांगितलं. ही ‘ई’ बोलण्यात मोजक्याच शब्दांना लागते, कवितेत जरा मोकळी वापरतात. म्हणून शाळेत, गाडीत, पिशवीत असे ‘त’वाले शब्द त्याच खेळात मिसळा, नाहीतर सुधारत बसावं लागतं.

सगळ्यात रंगला तो ‘पडणे’चा खेळ. दुसरी ओळ अशी: ‘क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे’. ‘ऊन पडे’ म्हटल्यावर मुलांनी हात वरून खाली आणले, जसं काही ऊन आपटलंच! पेला पडतो तसं. मग प्रत्येकाने घरून ‘काय काय पडतं’ ते आणायचं, आजी-आजोबांना फोन करून चालेल, इंग्रजीत सांगायचं नाही. आलं काय? पाऊस, थंडी, अंधार, दात, स्वप्न, प्रश्न. हर्षने ‘बाबांना पैसे कमी पडतात’ आणलं, ते मी फळ्यावर लिहिलं नाही. आता एकेक करून दाखवायचं: यातलं खरंच खाली काय येतं? पेला, पाऊस, दात एकीकडे. ऊन, थंडी, अंधार दुसरीकडे. स्वप्न, प्रश्न तिसरीकडे. मुलं भांडली, विशेषतः उन्हावरून. भांडू द्यावं. त्या दहा मिनिटांत शब्द मुरला तेवढा माझ्या समजावण्याने मुरला नसता.

पाठांतरासाठी चुकीचा शब्द पकडायचा खेळ. या ओळींच्या मात्रा ८, ८, ८, ६ अशा आहेत. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक टाळी. मी म्हणते ‘क्षणात येते सरसर गाडी’. टाळी बरोबर बसते, पण अर्थ फसतो, आणि मुलं लगेच पकडतात. मग म्हणते ‘क्षणात येते सरसर पाऊस’. आता अर्थ चालून जातो, पण एक मात्रा वाढल्याने पुढची टाळी अडखळते. ‘येते’ आणि ‘पाऊस’ जुळत नाहीत, हे मोठ्यांपैकी एकीने वर दाखवून दिलं. मग ‘शिरवे’ म्हणजे पावसाची हलकी सर, हे ऐकायला सगळे तयार असतात. एरवी हा शब्द आमच्या कोथरूडमध्येही कोणी बोलत नाही. ऑनलाइन असाल तर टाळ्या आवाज बंद ठेवून वाजवायला सांगा. आवाज मागेपुढे पोचतो आणि नुसता गोंधळ होतो.

क्षणात पाऊस, क्षणात ऊन हे मात्र खेळाने कळेना. त्यांच्याकडे ऑगस्ट म्हणजे कडक उन्हाळा. शेवटी एका दुपारी गॅलरीतून मोबाइलवर शूट केलं: सर आली, समोरची टेकडी दिसेनाशी झाली, आणि वाळत घातलेले कपडे मी आत घेईपर्यंत ऊन. ते पाहून एकाने विचारलं, ‘आजी, मग तुम्ही कपडे परत बाहेर टाकले?’ टाकले की. आणि ते पुन्हा भिजले.

अर्थ कळला की नाही हे बघायला मी ‘अर्थ सांग’ म्हणत नाही. मधूनच विचारते, ‘आधी काय आलं, ऊन की सर?’ नुसतं पाठ असलेलं मूल पहिल्या ओळीपासून पुटपुटायला लागतं. कळलेलं मूल लगेच ‘सर’ म्हणतं.