‘आजोबा मेले’ का खटकतं?

प्रश्न: माझी मुलगी परदेशात वाढलीये, परवा फोनवर सगळ्यांसमोर म्हणाली ‘आजोबा मेले तेव्हा मी लहान होते’, सगळे एकदम गप्प. पण माझी आईच दिवसभर ‘मेलं लक्षातच राहत नाही’ म्हणत असते, ते कसं चालतं?

कारण आईच्या त्या ‘मेलं’मध्ये मरण उरलेलंच नाहीये. मूळची शिवीच ती, पण बायकांच्या बोलण्यात इतकी घासली गेली की आता नुसती वैतागाची फोडणी राहिली, मेला पाऊस, मेली ती बस वगैरे. कोकणात तर ‘काय रे मेल्या, होतास कुठे इतके दिवस’ हे प्रेमानेच म्हणतात. आजोबांसाठी वापरलं की मात्र तो शब्द पुन्हा खरा होतो.

मुलीला ‘वारले’ किंवा ‘गेले’ शिकवा. ‘वारले’ची एक गंमत बघा, हे क्रियापद जवळपास घडून गेलेल्या गोष्टीपुरतंच चालतं. ‘काका वारले’ ठीक, पण ‘काका वारतील’ कोणी म्हणेल का? ‘मी वारीन’ तर विनोदच होईल. ‘मी मरेन’, ‘मरतोय उकाड्याने’, ‘मर तिकडे’ हे सगळं बिनधास्त चालतं. म्हणजे मरणे सगळ्या काळांत फिरतं आणि वारणे घटना होऊन गेल्यावरच दारात येतं. कुत्रं ‘वारलं’ म्हटलं तरी लोक हसतात, तो शब्द माणसांसाठीच राखून ठेवलाय.

आता ‘खपले’. माल खपतो, माणूस दिवसभर राबून खपतो आणि ‘लढाईत हजारो खपले’ असंही म्हणतात. तिन्हीकडे वापरून संपणं आहे, म्हणून मोठ्या आकड्याला ते शोभतं पण एका माणसाला लावलं की तो गोदामातला माल होतो. ‘तुमचे काका कधी खपले?’ एवढं विचारून बघा, चहा मिळणार नाही! ‘गचकला’, ‘आटोपला’ हे त्याच्याही पुढचे, मित्रामित्रांत ठीक.

लिहिताना तर मेलेला माणूस कुठे राहायला गेला तेही सांगतात, कै. म्हणजे कैलासवासी, वारकऱ्यांत वै. म्हणजे वैकुंठवासी, आणि मराठी पत्रिकांमध्ये पैगंबरवासी, ख्रिस्तवासीही दिसतात. घराण्याचा देव बघून पत्ता बदलतो.

‘गेले’मध्ये मात्र एक घोळ आहे, ‘बाबा गेले’ म्हटलं की ‘कुठे?’ असा प्रश्न येऊ शकतो. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो तेही ह्याच धाकाने. आमच्याकडे आजोबांच्या वेळी गावाहून फोन आला होता, ‘जरा जास्त आहे, निघा’, काय जास्त ते कोणी सांगितलं नाही आणि आईने विचारलंही नाही, ती फोन ठेवून सरळ पांढरी साडी काढायला गेली.