पावसात भिजलेले इअरबड्स: आधी काय करायचं

पांडवलेणी चढताना भिजलास आणि डावा बड फाटल्यासारखा वाजतोय, तर आधी तो केसमध्ये ठेवू नकोस. ओल्या पिनांवर चार्जिंग सुरू झालं की त्या गंजतात. रबरी टिप काढ, जाळी खाली धरून हलकेच झटक, सुती कापडाने पाणी टिपून घे. घामाचं मीठ राहतं, म्हणून जरासं ओलसर कापड बाहेरून फिरव. मग जाळी खाली करून पंख्याखाली दिवसभर राहू दे. नाशिकच्या पावसाळी हवेत दोन दिवसही लागतात. हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, जाळीत टाचणी, तोंडाने फुंकणं नकोच. फुंकरीने पाणी आणखी आत जातं. वाळल्यावर नुसता दबका आवाज असेल तर बहुधा जाळी चोंदलीय. मोठ्या आवाजात खरखर राहिली, तर आतल्या स्पीकरचा पडदा बिघडला असावा, दुकानात दाखव.